शिवणकामाचं नवं चॅनल: नव्वद दिवसांत नऊ व्हिडिओ, तीन कौशल्यं

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवते, दुकान घरातच आहे. आता मराठीतून यूट्यूब चॅनल सुरू करतेय. ९० दिवसांत १००० सबस्क्राइबर करायचे ठरवलेत. आठवड्याला किती व्हिडिओ टाकू? फोन आणि स्टँड आहे, माइक नाही. रोज साधारण तासभर मिळतो.

उत्तर:

ताई, आधी हिशोब करू. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला यूट्यूबच्या दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: १००० सबस्क्राइबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं. (शॉर्ट्सचा रस्ता वेगळा आहे, तिथे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या ४००० तासांत धरत नाहीत.) तुमचा व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे आणि माणूस सरासरी तीन मिनिटं थांबतो असं धरा. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं, म्हणजे ८०,००० व्ह्यूज. नव्या चॅनलने एवढे व्ह्यूज तीन महिन्यांत गाठले तर आनंदच आहे, पण तो आकडा धरून आराखडा बांधता येत नाही, कारण त्यातलं काहीच तुमच्या हातात नाही.

शिवाय हा आकडा गाठायचा म्हटलं की माणूस काय करतो ते मी बऱ्याच चॅनलांवर पाहिलंय. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक जाते, भाचे-पुतणे सबस्क्राइब करतात, आणि ब्लाउजशी घेणंदेणं नसल्यामुळे वीस सेकंदांत बाहेर पडतात. मग ‘तुम्ही मला करा, मी तुम्हाला करते’ हा प्रकार सुरू होतो. तो यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि त्यातून आलेला माणूस पुढचा व्हिडिओ बघत नाही तो नाहीच. आकडा वाढतो, आणि व्हिडिओ चांगला झाला की वाईट हे कळण्याची सोयच उरत नाही.

तुमच्याकडे नवी मुलगी शिकायला आली तर तिला तुम्ही ‘तीन महिन्यांत पन्नास गिऱ्हाइकं आण’ असं सांगणार नाही. आधी हुक-काज, मग फॉल-पिको, मग अस्तर जोडणं, आणि किती नग तेही ठरवून द्याल. चॅनलचंही तसंच धरा. एक लक्ष्य नगांचं, म्हणजे अपलोडचं. दुसरं हाताला काय यायला हवं याचं.

एक अडचण आधीच सांगतो. तीन महिन्यांत घरात पैसा यायलाच हवा अशी गरज असेल तर खालचा आराखडा पुरणार नाही. मग चॅनलकडे जाहिरातीसाठी न बघता दुकानाची पाटी म्हणून बघावं लागेल, म्हणजे गावातल्या आणि आसपासच्या गिऱ्हाइकांना दिसतील असे व्हिडिओ आणि वर्णनात दुकानाचा नंबर. तो वेगळा विषय आहे. तशी घाई नाही असं धरून पुढे लिहितो.

किती अपलोड?

हे मी सांगून उपयोग नाही, तुमचं घड्याळ सांगेल. पहिले दोन व्हिडिओ जाहीर न करता बनवा. अपलोड करताना `Unlisted` निवडलं की ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच तो दिसतो. हे दोन्ही व्हिडिओ नव्वद दिवसांच्या बाहेरचे समजा. ते करताना प्रत्येक कामाला किती वेळ गेला तो वहीत लिहा. घरून काम करणाऱ्या शिवणकामाच्या ताईंचा आठ मिनिटांचा व्हिडिओ सुरुवातीला साधारण असा जातो: काय बोलायचं ते लिहायला एक तास, मांडणी आणि शूटिंगला अडीच, आवाजाला पाऊण, एडिटिंगला चार, थंबनेल आणि शीर्षकाला पाऊण. झाले नऊ तास. तुमचे आठ होतील, बारा होतील, पण ‘दोन तासांत होऊन जाईल’ हा अंदाज पहिल्याच व्हिडिओत मोडतो.

आता रोज एक तास म्हणजे आठवड्याला सात, आणि तेरा आठवड्यांत ९१ तास. नऊने भागले की दहा व्हिडिओ होतात. पण दहा ठरवू नका, नऊ ठरवा. उरलेले नऊ-दहा तास आजारपण, लाइट जाणं आणि सणाच्या ऑर्डरींसाठी. नव्वद दिवसांत नऊ म्हणजे दर दहा दिवसांनी एक. तारखा १०, २०, ३० अशा ठरवल्या की विसरायला होत नाही.

‘आठवड्याला तीन टाका’ असा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. ज्याचा पूर्ण वेळ हाच धंदा आहे, किंवा जो कॅमेऱ्यासमोर बसून नुसतं बोलतो, त्याला ते जमतं. तुमच्या व्हिडिओत कापड मापायचं, कापायचं, शिवायचं आणि शिवलेलं अंगावर घालून दाखवायचं असतं. आठवड्याला तीन केलेत तर तिसऱ्या आठवड्यात एडिटिंग अर्धवट टाकलेल्या फाइली साठतील, आणि एकच चूक नऊ वेळा घोटली जाईल.

महिना बघून सुरू करा. लग्नसराई संपली की जूनच्या मध्याला सुरुवात केलीत तर शेवटचा टप्पा गौरी-गणपतीच्या ऑर्डरींत सापडेल, तेव्हा पहिल्या दोन टप्प्यांतच एक व्हिडिओ जास्तीचा तयार करून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर तर सुरूच करू नका. तारीख चुकली तर पुढच्या दहा दिवसांत दोन करून भरपाई करू नका. त्या खेपेला चार मिनिटांचा, एकाच गोष्टीचा व्हिडिओ टाका. हुकपट्टी सरळ कशी बसवायची, एवढंच.

विषय नऊच लागतात, आणि ते एकाच ३६ छातीच्या साध्या अस्तराच्या ब्लाउजमधून निघतात: माप घेणं, पाठ कापणं, पुढचा भाग आणि टक्स, मुंढा, बाही, गळ्याची तिरपी पट्टी, हुकपट्टी, अस्तर जोडणं आणि शेवटी फिटिंगची दुरुस्ती. फक्त त्याला ‘भाग १, भाग २’ असं करू नका. भाग ४ ज्याच्या हाती लागला तो भाग १ शोधत बसत नाही. प्रत्येक व्हिडिओ एकटा उभा राहिला पाहिजे. ‘संपूर्ण ब्लाउज पाऊण तासात’ हा व्हिडिओ दहाव्या नंबरला ठेवा, म्हणजे नव्वद दिवसांनंतर.

कौशल्यं कोणती, आणि याच क्रमाने का?

तीन-तीन व्हिडिओंचा एक टप्पा आणि प्रत्येक टप्प्यात एकच गोष्ट सुधारायची. बाकीचं जसं जमेल तसं होऊ द्यायचं, त्याचा त्रास करून घ्यायचा नाही. हा माझा हट्ट आहे, कारण एका व्हिडिओत सहा गोष्टी बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

पहिले तीस दिवस आवाज आणि चित्र. नवे लोक थंबनेलपासून सुरुवात करतात आणि मी तो शेवटी ठेवतो. थंबनेल चांगला झाला आणि आत आवाज कळेना, तर जास्त माणसं येऊन जास्त माणसं परत जातात.

आवाजासाठी कॉलरला लावायचा वायरचा साधा माइक घ्या, काही शे रुपयांत मिळतो. फोनला गोल जॅक आहे की फक्त टाइप-सी, ते बघून घ्या. माइक हनुवटीच्या खाली वीतभर लावायचा, पण ओढणीच्या किंवा पदराच्या आत नको, कापड घासल्याचा खरखराट येतो. बांगड्या काढून ठेवा. पंखा बंद. मशीन चालू असताना बोलूच नका, शिवताना फक्त चित्र घ्या आणि तेवढं बोलणं नंतर वेगळं रेकॉर्ड करा. इथे तुमच्या दुकानाचा एक फायदा आहे: रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, पण तुमच्याकडे टांगलेले कपडे आणि कापडाचे गठ्ठे असतात. त्यांच्याकडे तोंड करून बोललात तर घुमणं बरंचसं कमी होतं, वेगळं काही लावावं लागत नाही. एडिटिंगच्या ॲपमध्ये आवाजाची रेघ बघा. शेंडे वरच्या कडेला कापल्यासारखे सपाट दिसले तर आवाज फाटलाय, तो नंतर दुरुस्त होत नाही, परत बोलावं लागतं.

चित्रात शिवणकामाची एक खास गोची आहे. स्टँड समोरून लावला की टेपवरचे आकडे बघणाऱ्याला उलटे दिसतात आणि डावं-उजवं फिरतं. फोन तुमच्या बाजूने, खांद्यावरून खाली बघेल असा लावा, म्हणजे तुम्हाला जसं दिसतं तसंच त्यांना दिसेल. प्रात्यक्षिकाचं कापड गडद आणि बिनछापाचं घ्या. फिक्या कापडावर पांढरा खडू दिसत नाही आणि बारीक चौकड्या पडद्यावर थरथरतात. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, ते करा, नाहीतर हात मध्ये आला की दरवेळी चित्र उजळ-काळं होत राहतं. ट्यूबलाइटखाली काळसर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि या वेगांना ते जुळून जातं. प्रो मोड नसेल तर दिवसा खिडकीजवळ बसा, पट्ट्यांचा प्रश्नच येत नाही.

या टप्प्यात पास झालात की नाही ते असं तपासा. व्हिडिओ फोनच्याच स्पीकरवर, अर्ध्या आवाजात, पंखा चालू असलेल्या खोलीत लावा. घरातल्या कुणालाही प्रत्येक वाक्य कळलं पाहिजे. मग व्हिडिओ मध्येच तीन ठिकाणी थांबवा. मापाच्या प्रसंगात टेपवरचा आकडा फोनच्या पडद्यावर वाचता आला पाहिजे. दोन्ही जमलं की टप्पा संपला. तिसऱ्या व्हिडिओपर्यंत जमलं नाही तर पुढच्या टप्प्यात तीच गोष्ट न्या, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरे तीस दिवस व्हिडिओची सुरुवात आणि गती. माझ्या मते नव्या चॅनलचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून एक उदाहरण उलगडून सांगतो. मुंढ्याचा व्हिडिओ घ्या. तो सहसा असा सुरू होतो:

“नमस्कार मैत्रिणींनो, कशा आहात सगळ्या? माझ्या चॅनलवर तुमचं मनापासून स्वागत. आज आपण मुंढ्याचं कटिंग बघणार आहोत. व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, चॅनलवर नवीन असाल तर…”

पाऊण मिनिट गेलं आणि मुंढा अजून दिसलेला नाही. बघणारी बाई मात्र एक अडचण घेऊन आलीय: ब्लाउज घातला की पुढे काखेजवळ चुण्या पडतात. मग पहिलं दृश्य त्या चुण्यांचंच घ्या, तो ब्लाउज अंगावर घातलेला, आणि बोला:

“इथे या चुण्या पडतात ना? कारण पुढचा मुंढा पाठीएवढाच कापलाय. पुढून तो अर्धा ते पाऊण इंच जास्त खोल घ्यावा लागतो. हा बघा, त्याच मापाचा दुसरा ब्लाउज, खोल घेतलेला. आता हे कापडावर करून बघू.”

वीस सेकंदांत अडचण, कारण आणि दुरुस्त झालेला ब्लाउज, तिन्ही दिसले. ‘सगळं आधीच सांगितलं तर पुढे कोण बघेल?’ असं मला नेहमी विचारतात. शिकायला आलेली बाई बघते. नुसतं उत्तर ऐकून मुंढा कापता येत नाही, वळण कुठून घ्यायचं ते तिला डोळ्यांनी बघायचं असतं. चुण्यांची बाकीची कारणं, म्हणजे खांदा उतरता असणं किंवा बाहीचा गोल चुकणं, ती मागाहून एका वाक्यात सांगा किंवा दुरुस्तीच्या व्हिडिओला ठेवा.

गती तपासायला यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो, कोणत्या सेकंदाला किती टक्के लोक उरले ते दाखवणारा. तो दिसायला एक-दोन दिवस जातात, आणि व्ह्यूज फारच कमी असतील तर दिसतच नाही. त्यात तीन गोष्टी बघायच्या. तिसाव्या सेकंदाला किती उरले, तो आकडा तुमचा तुमच्याशीच ताडून बघा, दुसऱ्या चॅनलशी नको. जिथे रेघ एकदम खाली पडते तिथे व्हिडिओ लावून बघा. शिवणकामात हमखास सापडतं ते लांब शिलाईचं दृश्य, मशीन चालतंय आणि सांगण्यासारखं काही नाही. पहिले दोन इंच आणि शेवटचे दोन इंच ठेवा, मधलं कापा. आणि जिथे रेघ वर उचलली जाते तिथे लोकांनी मागे जाऊन परत पाहिलंय. याचा अर्थ दरवेळी ‘आवडलं’ असा घेऊ नका. बऱ्याचदा तिथे तुम्ही माप घाईत बोललेलं असतं. पुढच्या व्हिडिओत तो आकडा पडद्यावर लिहून तीन-चार सेकंद ठेवा.

व्ह्यूज तीस-चाळीसच असतील तर आलेखाला फार महत्त्व देऊ नका, दोन माणसं गेली तरी रेघ खाली येते. तेव्हा थोडंफार शिवता येणाऱ्या, पण तुमचं काम न पाहिलेल्या एका बाईला व्हिडिओ दाखवा आणि शेजारी गप्प बसा. तिची नजर कुठे हलते, तिने कुठे मागे घेतलं, ते लिहा. मग तिला जुन्या साडीच्या तुकड्यावर तो मुंढा कापायला सांगा. तुमच्याकडे न बघता तिने तो बरोबर कापला, तर टप्पा पास.

शेवटचे तीस दिवस शीर्षक, थंबनेल आणि विषयाची निवड. इथे फार लिहीत नाही, कारण आधीचे दोन जमले असतील तर हे लवकर जमतं. स्वतःचा थंबनेल लावायला आधी फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो, ते पहिल्याच दिवशी उरका. यूट्यूबच्या शोधपट्टीत तुमचा विषय अर्धा टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा, देवनागरीतही आणि इंग्रजी अक्षरांतही. मराठी बघणाऱ्या कितीतरी जणी `blouse cutting in marathi` असंच टाइप करतात. शीर्षकात अडचण यावी: ‘ब्लाउजच्या काखेत चुण्या पडतात? पुढचा मुंढा असा कापा’. थंबनेलवर चुण्या पडलेला आणि न पडलेला असे दोनच फोटो, शब्द तीन-चारच. तो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा करून कुणालाही विचारा, व्हिडिओ कशाचा आहे? उत्तर बरोबर आलं की झालं.

स्टुडिओत `Impressions click-through rate` दिसेल, म्हणजे थंबनेल जितक्यांना दिसला त्यातल्या किती टक्क्यांनी उघडला. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनलांचा हा आकडा २ ते १० टक्क्यांत असतो. पण नव्या चॅनलवर तो फसवतो. थंबनेल ४०० वेळा दिसला असेल तर ५ टक्के म्हणजे २० जणी आणि ३ टक्के म्हणजे १२. फरक आठ जणींचा, त्यावरून दर दोन दिवसांनी थंबनेल बदलायचा नसतो. दहा दिवस तसाच राहू द्या, आणि पुढच्या व्हिडिओला वेगळा प्रयोग करा.

वही

प्रत्येक व्हिडिओला एक पान. त्यावर चारच नोंदी: एकूण किती तास गेले, या खेपेला काय सुधारायचं ठरवलं होतं, चाचणीत काय निघालं आणि पुढच्या खेपेला कोणती एक गोष्ट बदलायची. सबस्क्राइबरचा आकडा वहीत नको. स्टुडिओ दहा दिवसांतून दोनदाच उघडा, एकदा अपलोडच्या तिसऱ्या दिवशी आणि एकदा पुढच्या अपलोडच्या आदल्या दिवशी. प्रतिक्रिया मात्र रोज वाचा, कारण ‘३८ ला किती घ्यायचं?’ असा प्रश्न आला की त्यात पुढचा विषय असतो. दुकानात गिऱ्हाईक फिटिंगची जी तक्रार करतं, तीही मागच्या पानावर टिपून ठेवा.

नवव्या व्हिडिओनंतर तासांची नोंद बघा. नऊ तासांचे सहा झाले असतील तर त्याच ९१ तासांत पंधरा व्हिडिओ बसतात. मग पुढच्या तीन महिन्यांसाठी आठवड्याला एक ठरवायला हरकत नाही. तास तेवढेच राहिले असतील तर कोणत्या कामात जातात ते बघा. एडिटिंगला अजून चार तास लागत असतील, तर बहुधा शूटिंग करताना तुम्ही बोलण्याची वाक्यं पुन:पुन्हा घेताय आणि नंतर ती निवडत बसताय. त्यावर उपाय शूटिंगच्या आधीच्या त्या एका तासात आहे: बोलायचं लिहून काढा, एकदा मोठ्याने वाचा, आणि जिथे जीभ अडखळते ते वाक्य तिथेच तोडा.

तुम्ही दोन `Unlisted` व्हिडिओ केलेत की तासांची विभागणी इथे टाका. त्यावरून नऊचे आठ करायचे की दहा, ते बघू.